छायाचित्रातील ओळखपत्राची पारख

ओळखपत्र हातात घेऊन पाहणे आणि त्या पत्राचे छायाचित्र पाहणे या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांत पुष्कळ अंतर आहे. हातातील पत्र बोटांनी चाचपता येते, उजेडात तिरपे धरता येते, उलटून त्याची पाठ पाहता येते. छायाचित्रात यांपैकी काहीच साधत नाही. उलट, ज्याला लबाडी करावयाची आहे, त्याला मूळ पत्रास ओरखडाही न काढता केवळ चित्रातील एखादा आकडा बदलता येतो. तरीही आज अनेक कामांत तपासनीसापुढे जे येते, ते मोबाइलवर पाठविलेले असे चित्रच असते. ते कसे पाहावे, हे एका उदाहरणाने समजून घेऊ.

आधारपत्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. देशातील पहिले आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले. त्या पत्रावर छायाचित्र, नाव, जन्मतारीख, बारा अंकी क्रमांक आणि पाठीमागे पत्ता असतो. महाराष्ट्रातील पत्रावर नाव व पत्ता मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत छापतात.

आता अशी कल्पना करा की, जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात एका गावी २०२६ च्या मे महिन्यात एक लग्न ठरले आहे. या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी परजिल्ह्यांत जातात. वयात येत असलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही चिंता आईबापांना पोखरत असते, आणि त्या चिंतेतून मुलीचे लग्न लवकर उरकण्याचा विचार बळावतो. कायद्याने मात्र वधूचे वय अठरा वर्षे व वराचे एकवीस वर्षे पूर्ण असले पाहिजे. गावाचा ग्रामसेवक, ज्यास आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तोच गावापुरता बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याने वयाचा पुरावा मागितला आणि मुलीच्या मामांनी आधारपत्राचे छायाचित्र त्याच्या मोबाइलवर धाडले. त्यावर जन्मतारीख आहे १२/११/२००६. म्हणजे मुलगी साडेएकोणीस वर्षांची झाली. परंतु खरी तारीख १२/११/२००९ असेल, तर ती अवघी साडेसोळा वर्षांची आहे. सारा प्रश्न एका आकड्याचा आहे.

अधिकाऱ्याने प्रथम चित्र मोठे करून त्या आकड्याकडे पाहावे. मूळ पत्रावरील तारखेचे आठही आकडे एकाच यंत्राने, एकाच मापात व एकाच शाईने छापलेले असतात. फेरफार करणारा ‘सहा’ कोठून तरी आणतो. बहुधा त्याच पत्रावरील बारा अंकी क्रमांकातून तो उचलतो. पण क्रमांकाचे आकडे तारखेच्या आकड्यांहून मोठे व ठळक असतात. त्यांतील सहा लहान करून बसविला, तर त्याची रेषा शेजारच्या शून्यांपेक्षा जाड किंवा काहीशी पुसट दिसते. दुसरी युक्ती अधिक चतुर आहे. इंग्रजी नऊ उलटा केला की सहा होतो, म्हणून त्याच जागचा नऊ फिरवून ठेवावयाचा. येथे मापही जुळते व रेषेची जाडीही जुळते. मग पारख कशी करावी? तर आकड्याच्या भोवतालची जमीन पाहावी. पत्रावर फिकट रंगाची छटा असते आणि छायाचित्र घेताना उजेड एका बाजूने पडलेला असतो, त्यामुळे ती छटा एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू गडद होत जाते. आकडा फिरविला की त्याबरोबर त्याच्या भोवतालचा बारीक चौकोनही फिरतो आणि तेवढ्याच तुकड्यात उजेडाची दिशा उलटी होते.

हाच विचार मुखचित्रालाही लागू पडतो. थोरल्या बहिणीच्या पत्रावर धाकटीचा चेहरा चिकटविणे हा दुसरा परिचित मार्ग होय. हातात धरलेल्या मोबाइलने काढलेल्या चित्रात पत्र क्वचितच अगदी सरळ असते. त्याची दूरची कड जवळच्या कडेपेक्षा किंचित आखूड दिसते आणि पत्रावरील प्रत्येक ओळ, मुखचित्राची चौकटसुद्धा, त्याच प्रमाणात कललेली असते. मागाहून चिकटविलेला चेहरा मात्र बहुधा काटकोनात ताठ उभा राहतो. तसेच पत्रावर प्लास्टिकचे आवरण असेल, तर त्यावर दिव्याची एखादी झळाळी पडते. ती खऱ्या पत्रावर मुखचित्राच्या कडेशी न थांबता पलीकडे अखंड जाते. चिकटविलेल्या चेहऱ्याच्या सीमेवर ती तुटते. शिवाय पत्रावरील चेहरा छापलेला असतो. छपाईचे बारीक ठिपके स्पष्ट चित्रात दिसतात. नाव, क्रमांक व चौकट यांत ठिपके आणि चेहरा तेवढा गुळगुळीत, असे आढळले तर संशयास जागा आहे.

संशय म्हणजे सिद्धता नव्हे, हे मात्र तपासनीसाने पदोपदी ध्यानात ठेवले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविताना चित्राचा आकार कमी केला जातो. त्यासाठी चित्र लहान लहान चौकोनांत विभागून बारीक तपशील गाळला जातो, आणि त्यामुळे अस्सल पत्रातील अक्षरांभोवतीही धुरकट किनार उमटते. छपाईचे ठिपके तर पार नाहीसे होतात. अशा चित्रात चेहरा गुळगुळीत दिसला, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. नावाच्या दोन लिप्यांत थोडा फरक असला, तरी तो बहुधा नोंदणी केंद्रावरील टंकलेखनाचा दोष असतो. एखाद्या गरीब बापाला एवढ्यावरून लबाड ठरविणे हा अन्यायच होईल. म्हणून चित्र अस्पष्ट असेल, तर त्यावर डोळे ताणीत बसण्यापेक्षा मूळ पत्रच पाहावयास मागावे, हे उत्तम.

मूळ पत्र मिळो वा न मिळो, डोळ्यांपेक्षा खात्रीचे एक साधन पत्रावरच असते. ते म्हणजे काळ्यापांढऱ्या बारीक चौकटींचा क्यूआर कोड. २०१८ पासून आधारपत्रावर जो सुरक्षित कोड छापला जातो, त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि धारकाचे लहान छायाचित्र साठविलेले असते. आणि या सर्व मजकुरावर आधार प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी हाताने केलेल्या सहीसारखी नसते. मजकुरातील प्रत्येक अक्षराच्या आधारे गणिताने काढलेली ती एक अतिशय मोठी संख्या असते. ती तयार करण्याची गुप्त किल्ली केवळ प्राधिकरणापाशी आहे. ती पडताळून पाहण्याची किल्ली मात्र सर्वांसाठी खुली आहे. कोडातील मजकुरात २००९ चे २००६ केले, तर गणित जुळत नाही आणि पडताळणी फसते. पत्राच्या दर्शनी भागावरील आकडा कोणीही खोडू शकेल, पण स्वाक्षरीखालील आकडा खोडता येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा कोड प्राधिकरणाच्या स्वतःच्या अ‍ॅपनेच वाचावा. साधे वाचनयंत्र स्वाक्षरी तपासत नाही. फसविणारा तर असा बनावट कोडही चिकटवील की, जो वाचताच हुबेहूब सरकारी भासणारे एखादे संकेतस्थळ उघडेल आणि ‘पत्र वैध आहे’ असे सांगेल. तसेच अस्सल कोड एका पत्राचा आणि दर्शनी मजकूर दुसऱ्याचा, अशी जोडही संभवते. तेव्हा ‘स्वाक्षरी बरोबर’ एवढे उत्तर पाहून थांबू नये. कोडातून निघालेले नाव, तारीख व चेहरा हे पत्रावरील नाव, तारीख व चेहऱ्याशी एकेक करून ताडून पाहावेत. कोड फार दाट असल्यामुळे लहान केलेल्या चित्रातून तो पुष्कळदा वाचताच येत नाही. न वाचला गेलेला कोड म्हणजे खोटा कोड नव्हे.

आपल्या उदाहरणात अधिकाऱ्याने मूळ पत्र मागविले, कोड वाचला आणि पडद्यावर २००९ उमटले, तर फेरफार उघड झाला. परंतु समजा, तेथेही २००६ च निघाले. मग मुलगी सज्ञान आहे, असे धरून चालावे काय?

नाही, कारण कोड सांगतो तो इतकाच की, प्राधिकरणाच्या नोंदीत ही तारीख आहे. ती नोंद कशावरून झाली, हे तो सांगत नाही. आधारमधील जन्मतारीख पूर्वी अनेकांच्या बाबतीत केवळ तोंडी सांगण्यावरून लिहिली गेली. आधारपत्र हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, हे प्राधिकरणानेच स्पष्ट केले आहे; आणि २४ ऑक्टोबर २०२४ रोजी अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वयासाठी आधारपत्रापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ९४ मध्ये वय ठरविण्याचा क्रम दिला आहे, त्यातही पहिला मान शाळेच्या वा परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्राला आणि त्यामागोमाग ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्मदाखल्याला आहे. दोन्ही नसतील, तरच वैद्यकीय चाचणी.

म्हणून अधिकारी गावच्या शाळेत जातो. शाळेचे जनरल रजिस्टर ही साधी वही दिसते, पण तिच्यात खाडाखोड लपत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला अनुक्रमांक असतो, जन्मतारीख अंकांत आणि पुन्हा अक्षरांत लिहिलेली असते, आणि प्रवेशाचा दिनांक व इयत्ता यांचे रकाने तिच्या शेजारीच असतात. अंकातील नवाचा सहा करणे सोपे. ‘दोन हजार नऊ’ या अक्षरांचे ‘दोन हजार सहा’ करणे तितके सोपे नाही. त्यातून ते कोणी साधले, तरी शेजारचा रकाना बोलतो. मुलीने पहिलीत प्रवेश घेतला जून २०१६ मध्ये. २००९ चा जन्म धरला तर त्या वेळी ती साडेसहा वर्षांची होती. २००६ चा धरला तर साडेनऊ वर्षांची. ऊसतोडीच्या कुटुंबातील मूल उशिरा शाळेत येते, हे मी शिक्षक म्हणून पुष्कळ पाहिले आहे, तेव्हा केवळ या रकान्यावरून निकाल देऊ नये. पण त्या पानावरील तिच्या आगेमागे दाखल झालेल्या मुलांच्या तारखा, अक्षरी लिहिलेली तारीख आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतील नोंद ही तिन्ही एकच वर्ष सांगत असतील, तर मामांनी धाडलेल्या छायाचित्राला काही वजन उरत नाही.

वय सोळाच असल्याचे ठरले की, अधिकारी दोन्हीकडील वडीलधाऱ्यांना समज देतो आणि लग्न न करण्याचे हमीपत्र लिहून घेतो. ते जुमानीत नसतील, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळविता येतो; तो मोडून लावलेले लग्न कायद्याने मुळापासूनच रद्द ठरते. मुलीला स्वतःला किंवा तिच्या मैत्रिणीला काही कळवावयाचे असेल, तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आणि तपासणी संपली की, मोबाइलवर आलेले ते छायाचित्र अधिकाऱ्याने पुढे कोणाला पाठवू नये. आवश्यक ती नोंद दप्तरात करून ते मोबाइलमधून काढून टाकावे, कारण त्यावर एका मुलीचे नाव, पत्ता आणि चेहरा आहे.