एक जून की एक जानेवारी?

बँकेत जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायची तर अर्जाआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: दोन कागदांपैकी चुकीचा कोणता? ते ठरवणे बँकेचे काम नाही. दाखवलेल्या पुराव्याप्रमाणे स्वतःच्या नोंदी बदलणे, एवढेच तिच्या हातात असते.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंच्या पॅन कार्डावर आणि पासपोर्टवर १ जून १९६५ आहे. दोन्ही शाळेच्या दाखल्यावरून काढलेले. पूर्वी खेड्यांत मुलाची नेमकी तारीख घरी ठाऊक नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून लिहून टाकत. आधार काढताना मात्र बाईंनी अंदाजाने नुसते साल सांगितले, म्हणून तिथे १ जानेवारी १९६६ लागली. बँकेने खाते आधारवरून उघडले. परिणामी जून २०२५ मध्ये साठी पूर्ण होऊनही मुदत ठेवीवरचा ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव दर त्यांना मिळेना.

अशा वेळी थेट बँकेत धावू नये. बँकेने तारीख बदललीच, तरी पुढच्या केवायसीत आधारवरून जुनी तारीख परत येऊ शकते. म्हणून आधी पासपोर्ट दाखवून आधार केंद्रात तारीख बदलून घ्यावी. ही दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते, तेव्हा पावतीवरची तारीख तिथेच नीट वाचावी. नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नसते. त्यात आपण आपले म्हणणे मांडतो, जन्माचा पुरावा त्यातून मिळत नाही.

मग शाखा व्यवस्थापकांना अर्ज. ‘जन्मतारीख दुरुस्त करावी’ एवढेच लिहिलेले अर्ज बहुधा परत येतात, कारण कुठे काय बदलायचे ते कळत नाही. मजकूर असा असावा:

‘माझ्या बचत खात्यात व ग्राहक नोंदीत जन्मतारीख १ जानेवारी १९६६ अशी आहे. ती जुन्या आधारवरून घेतलेली असून चुकीची आहे. माझी जन्मतारीख १ जून १९६५ आहे. पॅन, पासपोर्ट आणि दुरुस्त आधार यांवर तीच आहे. प्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया बचत खाते, मुदत ठेवी आणि केंद्रीय केवायसी नोंद यांत दुरुस्ती करून मला लेखी कळवावे.’

महिना अक्षरांतच लिहावा. ०१/०६ असे लिहिले की कोणी ते सहा जानेवारी वाचतो आणि तिसरीच तारीख जन्माला येते. खाते क्रमांक आणि मोबाईल क्रमांक द्यावा, प्रतींवर सही करावी, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. तक्रार देऊन तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे ही शिक्क्याची प्रत लागते.