खोकला कोणत्या गोळीचा?

औषधशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 'जोड्या लावा' हा प्रश्न आला की पाठांतरावर भिस्त ठेवणारी मुले हमखास गोंधळतात. घरी तक्ता तोंडपाठ असतो, पण परीक्षेत क्रम बदलला की सारेच ढवळून निघते. रक्तदाबावरील औषधांचे एक उदाहरण पाहू.

एका बाजूला एनालाप्रिल, लोसार्टन आणि फ्युरोसेमाइड ही नावे आहेत. दुसऱ्या बाजूला 'कोरडा खोकला', 'पोटॅशियम कमी होणे' आणि 'खोकला नाही, पण पोटॅशियम वाढणे' असे परिणाम आहेत.

आधी शरीरात काय घडते ते आठवावे. अँजिओटेन्सिन-१ या निरुपद्रवी पदार्थाचे एसीई नावाचे एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ मध्ये रूपांतर करते. हा दुसरा पदार्थ रक्तवाहिन्या आकुंचित करतो, शिवाय अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला लावतो. अल्डोस्टेरॉन शरीरात सोडियम राखते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते.

एनालाप्रिल एसीईलाच रोखते, तर लोसार्टन अँजिओटेन्सिन-२ ला त्याच्या ग्राहीवर बसू देत नाही. वाट वेगळी असली तरी दोन्हींमुळे अल्डोस्टेरॉन घटते, म्हणून पोटॅशियम दोन्हींमुळे वाढू शकते. मुले फसतात ती इथेच. जो परिणाम दोघांत समान आहे, त्यावरून जोडी ठरत नाही.

मग फरक कुठे? एसीईकडे आणखी एक काम असते. ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचे विघटनही तेच करते. एनालाप्रिलमुळे हे काम थांबते, श्वासमार्गात ब्रॅडिकायनिन साचते आणि काही रुग्णांना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. लोसार्टन एन्झाइमला हात लावत नाही, म्हणून तो खोकला सहसा होत नाही. उरले फ्युरोसेमाइड. ते मूत्रपिंडात मीठ परत शोषू देत नाही. पुढच्या नलिकेत जास्त सोडियम पोहोचते, ते शोषले जाताना पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तातले प्रमाण घटते. तिन्ही जोड्या जुळल्या.

मात्र तर्कालाही मर्यादा आहे. कॅप्टोप्रिलने तोंडाची चव बिघडू शकते, हे वरच्या साखळीतून निघत नाही. असे अपवाद वेगळे लिहून पाठच करावे लागतात. पण ती यादी छोटी असते.

हीच साखळी औषधाच्या दुकानातही कामी येते. हा खोकला गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनीही उद्भवतो आणि गोळी बदलल्यावर थांबायला काही आठवडे लागू शकतात. त्यामुळे रुग्णाला गोळीचा संशयच येत नाही आणि तो खोकल्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिचवतो. काउंटरवरच्या माणसाने "रक्तदाबाची कोणती गोळी घेता?" एवढे विचारले आणि उत्तराच्या शेवटी 'प्रिल' ऐकू आले, तर रुग्णाला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवावे. गोळी परस्पर बंद करायला मात्र सांगू नये.