बाळंतिणीला पाठवायचा निरोप

बाळाच्या जन्मानंतर एखादी जिवाभावाची मैत्रीण एकाएकी गप्प होते, तेव्हा त्याचे कारण बहुधा घड्याळात सापडते. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा दूध पिते. एकेका पाजण्यात अर्धा तास सहज जातो. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, थोपटून निजवायचे. एवढे होईतो पुढची भूक जवळ आलेली असते. मधल्या वेळात बाळंतिणीला जेवायचे असते, अंघोळ आणि शेक उरकायचा असतो, डोळा लागला तर झोपायचे असते. मोबाइल हातात येतो तो रात्री तीनला, बाळ मांडीवर असताना. निरोप वाचला जातो, निळ्या खुणा उमटतात, सकाळी नीट लिहू असे ती ठरवते, आणि सकाळी तो निरोप अभिनंदनांच्या ढिगाखाली गेलेला असतो.

आठवडा उलटला की थकव्यात संकोच मिसळतो. इतक्या उशिरा दोनच शब्द लिहिणे तिला बरे वाटत नाही आणि सविस्तर लिहायला सवड नसते. अशा वेळी ‘विसरलीस ना आम्हाला?’ हे लाडाने लिहिलेले असले, तरी आधी माफी मागितल्याशिवाय तिला पुढे बोलता येत नाही. ‘कशी आहेस?’ हा प्रश्न तर सर्वांत अवघड. खरे सांगायचे तर टाके, पुरेसे न येणारे दूध, घरातल्यांचे उलटसुलट सल्ले असे सगळेच सांगावे लागते. ‘मजेत’ म्हणावे तर ते खोटे असते.

समजा, कॉलेजपासूनच्या दोन मैत्रिणी आहेत. एक पुण्यात राहते. दुसरीही पुण्याचीच, पण पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी गेलेली. बाळ तीन आठवड्यांचे झाले, दोन निरोपांना उत्तर नाही. पुण्यातली मैत्रीण लिहायला घेते: ‘अगं, आहेस कुठे? सगळं ठीक ना? एक मेसेज नाही तुझा. रविवारी व्हिडिओ कॉल करूया का?’ यात तीन प्रश्न, एक तक्रार आणि पाळायची एक वेळ आहे. माया खरी असूनही वाचणारीच्या वाट्याला कामच येते. तोच निरोप असाही लिहिता येतो: ‘आज तुळशीबागेत गेले होते. आपण परीक्षेनंतर ज्या दुकानात कानातली घ्यायचो, तिथं तसलीच हिरव्या खड्यांची दिसली. तुझी फार आठवण आली. उत्तर देत बसू नकोस, झोप मिळाली तर झोप. मी लिहीत राहीन.’

या निरोपात एकही प्रश्नचिन्ह नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे यात बाळाचा उल्लेखच नाही. त्या दिवसांत येणारा जाणारा प्रत्येक जण बाळाचे वजन, रंग, झोप विचारत असतो; हिरव्या खड्यांची कानातली मात्र फक्त तिची असतात. शेवटचे वाक्य तिला सांगते की, ती गप्प राहिली तरी मैत्री तुटणार नाही. अर्थात, ते पाळले गेले तरच त्याला किंमत. दोन-तीन आठवड्यांनी पुढचा निरोप जायला हवा, आणि त्यात आधीच्या निरोपाची आठवण करून द्यायची नाही.

पुष्कळ बाळांचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वाढते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. त्याच काळात बारसे होऊन गेलेले असते, कौतुकाची वर्दळ आटलेली असते आणि बाळंतीण माहेरची ऊब सोडून सासरी परतते. मैत्रिणीच्या दोन ओळींची खरी गरज तेव्हा असते. मदत देऊ करतानाही ‘काही लागलं तर सांग’ म्हटले की काय लागेल याचा विचार तिलाच करावा लागतो. त्यापेक्षा ‘शनिवारी अळिवाचे लाडू तुझ्या सासूबाईंकडे देऊन जाते, तू उठू नकोस’ हे सोपे. नको असेल तर ‘नको गं’ एवढेच लिहायचे असते.

एका ठिकाणी मात्र वाट पाहणे चुकीचे ठरते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत उगाच रडू येणे बऱ्याच जणींना होते आणि ते साधारण दोन आठवड्यांत निवते. ते पुढेही टिकले, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, कशातच मन लागेना, ‘माझ्यावाचून बाळाचं बरंच होईल’ असे काही ती बोलली, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी निरोप न लिहिता तिच्या नवऱ्याला किंवा आईला थेट फोन करून विचारावे आणि डॉक्टरांकडे नेण्याविषयी बोलावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याबाबत मोफत सल्ला मिळतो. जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बहुतेक वेळा असे काही नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात कधीतरी मध्यरात्री एक ओळ येते: ‘सॉरी गं, लिहायला जमलंच नाही. तुझे सगळे मेसेज वाचत होते.’ त्यावर लगेच फोन लावण्याचा किंवा साचलेले सगळे सांगण्याचा मोह आवरावा लागतो. ‘तुझी ओळ बघून किती बरं वाटलं! सॉरी कसलं त्यात,’ एवढे उत्तर पुरते. तिची पुढची ओळ आणखी महिन्याने आली तरी चालते.