बारा लाखांवर कर किती?

"बारा लाखांवर कर किती बसेल?" कर सल्लागाराला हे विचारलं, की तो उत्तराऐवजी उलटे प्रश्न टाकतो. आर्थिक वर्ष 2025-26 आणि नवी करप्रणाली धरून तीन भावंडं पाहू. तिघांचं भारतातलं उत्पन्न बारा लाखच.

थोरला पुण्यात नोकरी करतो. पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेली, की उरतात 11 लाख 25 हजार. टप्प्यांनुसार कर निघतो 52,500. पण करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्याने कलम 87अ ची सूट तो पुसून टाकते. देणं शून्य.

मधली बहीण दुबईत राहते, कायद्याने अनिवासी. तिचे बारा लाख म्हणजे इथल्या बँकेतल्या ठेवींचं करपात्र व्याज. 87अ ची सूट फक्त निवासी व्यक्तीला. त्यामुळे 60,000 कर आणि 4 टक्के उपकर मिळून 62,400 रुपये. पासपोर्ट भारतीय असला तरी फरक पडत नाही. मोजले जातात ते मुख्यतः देशात राहिलेले दिवस.

धाकट्याचे वजावटीनंतर दहा लाख पगाराचे, दोन लाख शेअर बाजारातल्या अल्पकालीन नफ्याचे. पगारावरचा कर सुटीत जातो. नफ्यावर मात्र थेट 20 टक्के, त्याला सूट नाही. उपकरासह 41,600.

म्हणून सल्लागाराकडे जाताना नुसता आकडा नेऊ नका. पैसा कशातून आला आणि वर्षभरात भारतात किती दिवस होता, हे लिहून न्या.