भाडं, हप्ता आणि पाच वर्षं

लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली की जोडप्याला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळू लागतो: भाड्याचे पैसे पाण्यात जातात, त्यापेक्षा हप्ता भरा, निदान घर तरी आपलं होईल. हा सल्ला देणारी माणसं प्रेमापोटीच बोलत असतात. त्यात एक गृहीत मात्र दडलेलं असतं. हप्ता म्हणजे जणू सगळीच बचत, असं ते गृहीत. सुरुवातीच्या वर्षांत ते खरं नसतं, आणि किती खरं नसतं हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

पुण्याचं उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघंही आयटीत, वय तिशीच्या अलीकडे, दोघांचा मिळून हातात येणारा पगार दीड लाख. वाकडला टू बीएचकेमध्ये भाड्याने राहतात, भाडं महिना 25,000. त्याच सोसायटीतला तसाच फ्लॅट 80 लाखांना विकायला आहे. रीसेलचा, तयार, त्यामुळे जीएसटी नाही. हे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमच्या सोसायटीचे वेगळे असतील. आकडेमोडीची रीत मात्र तीच राहील.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे कर्ज 64 लाख आणि पदरचे 16 लाख. इथवर बहुतेकांनी हिशोब केलेला असतो. पण बँक ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणीचे 30 हजार. एजंटची 1 टक्का दलाली धरली तर आणखी 80 हजार. एकूण 6 लाख 70 हजार वेगळे, आणि तेही रोख हवेत. म्हणजे चावी हातात यायच्या आधी 22 लाख 70 हजार लागतात. किचन ट्रॉली, कपाटं, पंखे, गिझर हा खर्च त्यानंतरचा. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही, हे पुष्कळांना नोंदणीच्या दिवशी कळतं.)

आता हप्ता. व्याज 8 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली तर महिन्याला 53,532 रुपये. पहिल्या हप्त्यातले 42,667 रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटतं 10,865 रुपयांचं. भाडं 25,000 पाण्यात जातं म्हणायचं असेल, तर त्याच न्यायाने पहिल्या महिन्यात 42,667 रुपयेही पाण्यातच गेले. शिवाय घर आपलं झालं की सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा मिळकतकर आपल्या गळ्यात येतो. दोन्ही मिळून महिना सव्वापाच हजार धरू. पाच वर्षांत हप्त्यांपोटी 32 लाखांहून जास्त रक्कम बँकेत जाते, आणि मुद्दल कमी होतं फक्त 8 लाखांनी. पाच वर्षांनंतरही 56 लाख देणं उरलेलं असतं.

याचं कारण सरळ आहे. या फ्लॅटचं वर्षाचं भाडं 3 लाख, म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्के. बँक त्याच पैशावर 8 टक्के मागते. राहण्याचा हक्क पावणेचार टक्क्यांनी मिळत असताना तो 8 टक्क्यांनी विकत घ्यायचा, आणि मधला फरक किमतीतल्या वाढीने भरून निघेल अशी आशा धरायची, असा हा व्यवहार आहे. तो आतबट्ट्याचाच ठरेल असं नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि तरुण जोडप्याकडे नेमकी त्याच वेळेची खात्री नसते.

समजा पाच वर्षांनी त्यांना पुणं सोडावं लागलं. बंगळुरूची नोकरी आली, किंवा दोघांपैकी एकाला परदेशात जायची संधी मिळाली. किंमत दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढली असेल तर 80 लाखांचा फ्लॅट साधारण 1 कोटी 2 लाखांना जाईल. 22 लाख फायदा झाला असं सगळे म्हणतील. त्यातून उरलेलं कर्ज फेडायचं, विकतानाची दलाली द्यायची, आणि नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफा कर भरायचा. (ती रक्कम नियमाप्रमाणे दुसऱ्या घरात गुंतवली तर हा कर वाचू शकतो.) कर भरला तर हातात उरतात सुमारे 43 लाख.

हेच जोडपं भाड्याने राहिलं असतं तर? तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून देऊन उरलेले 21 लाख 70 हजार त्यांनी गुंतवले. भाडं दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढत गेलं. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून जे लागले असते, त्यातून भाडं वजा जाता पहिल्या वर्षी महिना 33 हजारांवर रक्कम उरते. पाचव्या वर्षी ती 28 हजारांवर येते. हे सगळं कर जाऊन 6 टक्के मिळतील अशा साध्या ठिकाणी ठेवलं, तरी पाच वर्षांनी डिपॉझिट धरून सुमारे साडेएक्कावन्न लाख जमतात. म्हणजे भाड्याने राहणारं जोडपं साधारण 8 लाखांनी पुढे असतं. विकत घेणाऱ्यांना त्यांची बरोबरी करायची तर किंमत सलग पाच वर्षं दरसाल 7 टक्क्यांच्या आसपास वाढायला हवी.

आता हीच मांडणी दहा वर्षांची करा. जोडपं त्याच घरात राहतंय, विकायचा विचारच नाही, म्हणून कर आणि विकतानाची दलाली नाही. किंमत 5 टक्क्यांनीच वाढत गेली तर फ्लॅट 1 कोटी 30 लाखांचा झालेला असतो आणि कर्ज 44 लाखांवर आलेलं असतं. निव्वळ मालकी सुमारे 86 लाखांची. भाड्याने राहणाऱ्यांच्या गाठीला याच हिशोबाने सुमारे 85 लाख. दोघं बरोबरीत आले. यापुढे भाडं वाढत जाणार आणि हप्ता बहुतांशी तिथेच राहणार, म्हणून पारडं मालकाकडे झुकू लागतं. भाडी भराभर वाढली तर हा टप्पा आणखी लवकर येतो. कोविडनंतर कंपन्यांनी लोकांना ऑफिसात परत बोलावलं तेव्हा हिंजवडी-वाकड भागात भाडी कशी चढली, हे तिथे राहणाऱ्यांनी अनुभवलं आहे.

म्हणून परवडतं का, यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: याच भागात आपण आणखी किती वर्षं राहणार? आज त्याचं ऑफिस हिंजवडीत आहे आणि तिचं बाणेरला. उद्या तिला खराडीत चांगली नोकरी मिळाली तर शहराचं एक टोक ते दुसरं टोक असा रोजचा प्रवास आला. भाडेकरू मधला भाग शोधून घर बदलतो. ज्याने सहा लाख सत्तर हजार मुद्रांक, नोंदणी आणि दलालीत घातले आहेत, तो एक तर रोज दोन-अडीच तास रस्त्यावर काढतो किंवा नोकरी नाकारतो. करिअरच्या पहिल्या सात-आठ वर्षांत पगाराच्या मोठ्या उड्या नोकरी बदलूनच मिळतात. त्या एका नाकारलेल्या नोकरीची किंमत कुठल्याच ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही.

दुसरा धोका दोन पगारांचा. दीड लाखात 53 हजारांचा हप्ता बँकेला सहज मंजूर करण्याजोगा वाटतो. पण मूल झालं आणि दोघांपैकी एकाने वर्षभर घरी राहायचं ठरवलं, किंवा एकाची नोकरी गेली, की उरलेल्या 75 हजारांतून हप्ता आणि मेंटेनन्स जाऊन घरखर्चाला 16 हजार उरतात. म्हणून सगळे खर्च भागवून निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे बाजूला असल्याशिवाय सही करू नये, असं माझं ठाम मत आहे. डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढावं लागत असेल, तर घर घ्यायची वेळ अजून आलेली नाही असं समजावं. ते कर्ज गृहकर्जापेक्षा बरंच महाग असतं आणि दोन्ही हप्ते एकाच वेळी सुरू होतात.

कर वाचतो, हा मुद्दाही तपासून घ्या. गृहकर्जाच्या व्याजावरची 2 लाखांपर्यंतची वजावट स्वतः राहत असलेल्या घरासाठी फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर ती नाहीच. भाड्यावरची एचआरए सवलतही नव्या प्रणालीत मिळत नाही, त्यामुळे कर हा मुद्दा दोन्ही बाजूंनी गळून पडतो.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात तर किमतीवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4 लाख, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू. ताबा वर्षभर लांबला तर नुसतं भाडंच 3 लाखांच्या वर जातं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही दिसतात. तारीख आधीच वाढवलेली असेल तर ती पुन्हा वाढेल असं धरूनच हिशोब करा.

भाड्याच्या घराला त्याची दुखणी आहेत, आणि ती पैशात मोजता येत नाहीत. अकरा महिन्यांनी मालक घर मागेल ही धास्ती, भिंतीला खिळा मारायलाही परवानगी, मूल शाळेत जाऊ लागल्यावर घर बदलायची वेळ. पण अकरा महिन्यांचाच करार करावा असा कायदा नाही. लिव्ह अँड लायसन्स करार 36 महिन्यांचाही करता येतो, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिता येते, आणि तो नोंदवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. नोटरीच्या कागदावर भागवू म्हणणाऱ्या मालकाला इथे थांबवायला हवं.

निर्णय होत नसेल तर एक वर्ष हप्ता चालू आहे असं समजून राहून बघा. भाडं देऊन झालं की उरलेले 33 हजार पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत जाऊ द्या, आणि वर उरेल त्यातच महिना काढा. बारा महिने हे जमलं तर 4 लाखांहून थोडी जास्त रक्कम जमते. मुद्रांक शुल्काचा मोठा भाग त्यातून निघेल, आणि दोन पगारांतून एवढा हप्ता झेपतो का, हेही कळेल. दर तिसऱ्या महिन्याला ठेव मोडावी लागली तर तूर्त 36 महिन्यांचा भाडेकरार करावा आणि पुढच्या पगारवाढीनंतर पुन्हा हिशोबाला बसावं.