पिवळा गेला की हिरवा निळा होतो

भाताचं हिरवं शेत कागदावर निळसर उतरलं, लाल साडी गुलाबी झाली, तर इंकजेट प्रिंटरचा पिवळा रंग गेला आहे. हिरवा निळ्या-पिवळ्यातून बनतो, लाल किरमिजी-पिवळ्यातून.

खात्री नोझल चेकने होते. छापलेल्या नक्षीत पिवळ्या रेषा तुटक असतील, तर शाई संपलेली किंवा छिद्रं बुजलेली असतात. आधी शाईची पातळी पाहावी, मग एक-दोनदा हेड क्लीनिंग करून पुन्हा नक्षी छापावी.

रेषा अखंड, पण हिरवट असतील, तर पिवळ्यात निळी शाई मिसळली आहे. हेडच्या तोंडाशीच मिसळली असेल, तर पानभर पिवळा छापल्यावर रंग निवळत जातो. टाकीतच चुकीची शाई ओतली असेल, तर छपाई लगेच थांबवावी. थोड्या क्लीनिंगने ती निघत नाही.