सोळातून साडेपंधरा वजा करताना

१२ मे १९४१ रोजी बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे यांनी आपलं ‘झेड-३’ हे यंत्र काही पाहुण्यांना चालवून दाखवलं. दोन हजारांहून अधिक टेलिफोन रिलेंचं हे यंत्र दशांश नव्हे तर द्विमान पद्धतीत, आणि तेही घातांकासहित, आकडेमोड करायचं. मूळ यंत्र युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. साठच्या दशकात त्सूझेंच्याच कंपनीने बांधलेली प्रतिकृती आता म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियमकडे आहे.

झेड-३ मधली एक संख्या २२ बिटांची असे: एक चिन्हाचा, सात घातांकाचे आणि चौदा मॅंटिसाचे. मॅंटिसा म्हणजे संख्येचे खरे अंक. प्रत्येक संख्येतला सर्वांत डावीकडचा १ बिंदूच्या लगेच आधी येईल अशी ती सरकवून ठेवायची. तो १ नेहमीच तिथे असणार, म्हणून तो साठवायचाही नाही.

अशा संख्यांची साधी वजाबाकी करून पाहू. सोळातून साडेपंधरा.

```
16   = 1.0000 × 2^4
15.5 = 1.1111 × 2^3
```

कागदावर उत्तर अर्धा. पण यंत्राला त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. कोणता घातांक मोठा, म्हणजे कोणती मॅंटिसा उजवीकडे सरकवायची? आणि वजाबाकीनंतर उरलेल्या अंकांत पहिला १ कुठे आहे, म्हणजे उत्तर किती घरं डावीकडे सरकवायचं? झेड-३ पहिला प्रश्न घातांकांची वजाबाकी करून सोडवत असे. आपण दोन्हींसाठी स्वतंत्र मंडलं बांधू. पहिल्या प्रश्नाचं मंडल म्हणजे मॅग्निट्यूड कम्पॅरेटर, दुसऱ्याचं म्हणजे प्रायॉरिटी एन्कोडर. दोन्हींच्या पोटात एकच कल्पना आहे, हे शेवटपर्यंत वाचलंत की दिसेल.

पहिला एक शोधणं

चार तारा घ्या, `D3` ते `D0`. एकाच वेळी कितीही तारांवर १ असू शकतो. आपल्याला सर्वांत वरच्या तारेचा क्रमांक दोन बिटांत हवा आहे. `D3` वर १ असेल तर उत्तर ३, खाली काहीही असो. `D3` शून्य असेल तरच `D2` ला विचारायचं, आणि असंच खाली. हे गेटांत लिहिलं की एवढंच उरतं (`+` म्हणजे ऑर, `·` म्हणजे अँड, `'` म्हणजे नॉट):

```
Y1 = D3 + D2
Y0 = D3 + D2'·D1
V  = D3 + D2 + D1 + D0
```

`Y0` मधला `D2'` हाच इथला ‘अग्रक्रम’ आहे. तो काढून टाका आणि `D2` व `D1` दोन्ही १ करा. उत्तर २ यायला हवं, येतं ३. एका वेळी एकच बटण दाबून तपासलंत तर ही चूक कधीच दिसत नाही. म्हणून एन्कोडर तपासताना दोन-दोन तारा एकदम चालू करूनच तपासायचा.

`V` कशाला हवा? फक्त `D0` वर १ असेल तेव्हा उत्तर शून्य, आणि एकाही तारेवर १ नसेल तेव्हाही उत्तर शून्यच. ‘शून्याव्या घरात सापडला’ आणि ‘सापडलाच नाही’ यांत फरक सांगणारी एकमेव तार म्हणजे `V`.

सोळा तारांसाठी

वजाबाकीचं उत्तर समजा सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये आहे. सोळा तारांचं समीकरण थेट लिहायला बसलात तर एकेका पदात बरेच नकार यायला लागतात. त्यापेक्षा तारांचे चार-चारचे चार गट करा आणि प्रत्येकाला वरचाच छोटा एन्कोडर लावा. आता चार गटांच्या चार `V` तारा पाचव्या एन्कोडरला द्या. पाचवा सांगतो की पहिला १ कोणत्या गटात आहे. ते झाले उत्तराचे वरचे दोन बिट. त्याच दोन बिटांनी त्या गटाचे `Y1`, `Y0` निवडा. ते झाले खालचे दोन. पत्त्यासारखंच आहे: आधी इमारत, मग मजला.

आपल्या उदाहरणात घातांक चार आणि तीन, म्हणून साडेपंधराची मॅंटिसा एक घर उजवीकडे सरकते:

```
  1.00000
- 0.11111
  0.00001
```

बिंदूच्या आधीचा अंक रजिस्टरच्या पंधराव्या घरात ठेवला, तर हा एकुलता एक १ दहाव्या घरात पडतो:

```
गट      3    2    1    0
बिट   0000 0100 0000 0000
V       0    1    0    0    → 10
गट 2:  0100                 → 10
उत्तर: 1010 = 10
```

सरकवायचं किती? पंधरा वजा दहा, म्हणजे पाच. पंधरातून वजा करण्यासाठी चार बिटांत वेगळं मंडल लागत नाही. प्रत्येक बिट उलटा केला की झालं. `1010` उलटलं की `0101`. घातांक चारवरून पाचने खाली आला, उणे एक. उत्तर `1.0 × 2^-1`, म्हणजे अर्धा.

आता सोळातून सोळा वजा करा. सगळी सोळा घरं शून्य. एन्कोडर म्हणतो ‘शून्यावं घर’, यंत्र पंधरा घरं सरकवतं, घातांक उणे अकरा होतो. बिंदूआधीचा १ तर न साठवता गृहीतच धरलेला. म्हणजे शून्याच्या जागी `2^-11` ही छोटी पण खोटी संख्या तयार! `V` कडे दुर्लक्ष केल्याची ही किंमत. झेड-३ मध्ये शून्यासाठी उणे चौसष्ट हा घातांक राखून ठेवला होता. आपल्या मंडलात `V` शून्य असेल तर तोच घातांक लिहायचा.

कोण मोठं?

शब्दकोशात दोन शब्दांचा क्रम तुम्ही कसा लावता? डावीकडून एकेक अक्षर पाहता, सारखं असेल तोवर पुढे जाता, आणि पहिल्या वेगळ्या अक्षरावर निकाल देता. पुढची अक्षरं बघतही नाही. कम्पॅरेटर हेच करतो. प्रत्येक जागी ‘दोन्ही सारखे’ हे सांगणारा एक्सनॉर गेट `E`, आणि ‘A मोठा’ हे सांगणारं `A·B'`:

```
G = A3·B3' + E3·A2·B2' + E3·E2·A1·B1'
  + E3·E2·E1·A0·B0' + E3·E2·E1·E0·Gin
```

`L` (A लहान) साठी A आणि B यांची अदलाबदल करा आणि `Gin` च्या जागी `Lin` घ्या. बरोबरीसाठी चारही `E` आणि `EQin` यांचा अँड. शेवटचं पद रुंदीसाठी आहे: माझे चारही बिट सारखे असतील तर खालच्या गटाने जे सांगितलं तेच मी वर सांगतो.

म्हणून जोडणी खालून वर जाते. सर्वांत उजवीकडच्या गटाच्या खाली कोणी नसतं. त्याच्या `Gin` आणि `Lin` ला ०, `EQin` ला १ कायमचं जोडायचं. म्हणजे ‘माझ्या खाली सगळं सारखं आहे’ असं गृहीत.

७४८५ ही जुनी चार-बिट चिप वापरली तर इथेच बहुतेकांचं अडतं. `EQin` चुकून जमिनीला जोडलात, तर आकडे वेगवेगळे असेपर्यंत सगळं नीट चालतं. समान आकडे दिले की ‘मोठा’ आणि ‘लहान’ हे दोन्ही दिवे एकदम लागतात. तिन्ही पिना मोकळ्या सोडल्यात तर एलएस जातीच्या चिपमध्ये मोकळी पिन १ सारखी वागते, त्यामुळे मंडल नशिबाने बरोबर चालतं. पुढे कधी एचसी जातीची चिप त्याच खाचेत बसवली की निकाल हात जवळ नेला तरी बदलू लागतो. असं दिसलं की आधी मोकळ्या पिना शोधा.

आपले घातांक सात बिटांचे, म्हणून दोन चिपा. एक अडचण मात्र आहे. कम्पॅरेटरला चिन्ह कळत नाही. दोनच्या पूरक पद्धतीत उणे एक म्हणजे `1111111`, आणि ते त्याला तीनपेक्षा प्रचंड वाटतं. उपाय स्वस्त आहे: दोन्ही घातांकांचा सर्वांत वरचा बिट उलटा करून द्या. सगळे घातांक चौसष्टने वर सरकतात आणि क्रम सरळ होतो. चार आणि तीन यांचं असं होतं (डावीकडे एक जादा शून्य भरलं आहे):

```
A = 4:  0100 0100
B = 3:  0100 0011
```

उजव्या गटात दुसऱ्या घरावर फरक, A कडे १, `G` लागतो. डाव्या गटात सगळं सारखं, तो खालचा `G` तसाच बाहेर देतो. A मोठा, B ची मॅंटिसा सरकवा.

साखळी की झाड?

चौसष्ट बिट तुलायचे असतील तर अशा सोळा चिपांची साखळी होते आणि सर्वांत वाईट वेळी निकाल सोळा चिपांतून झिरपत वर येतो. दुसरी युक्ती बघा. सोळाही चिपांना आपापला गट एकाच वेळी तुलू द्या. मग त्यांचे सोळा `G` म्हणजे नवा A, आणि सोळा `L` म्हणजे नवा B, असं धरून ते चार चिपांना द्या, आणि त्यांचे निकाल एका शेवटच्या चिपला. पाच चिपा वाढल्या, पण वाट सोळा टप्प्यांवरून तीनवर आली. हे चालतं, कारण ज्या गटात दोन्ही बाजू सारख्या त्याचे `G` आणि `L` दोन्ही शून्य, आणि पहिला वेगळा गटच निकाल ठरवतो.

सोळा तारांच्या एन्कोडरला आपण गटांच्या वर पाचवा एन्कोडर ठेवला होता. हीच ती रचना. आणि इथे दोन्ही मंडलं एक होतात. A आणि B चा बिटागणिक एक्सॉर घ्या: जिथे फरक तिथे १. त्यावर प्रायॉरिटी एन्कोडर लावा: पहिल्या फरकाचं घर मिळालं. त्या घरात A कडे १ असेल तर A मोठा, `V` शून्य असेल तर दोन्ही समान. वर लिहिलेलं कम्पॅरेटरचं समीकरण म्हणजे हेच, फक्त घराचा क्रमांक न काढता.

बांधून पाहायचं असेल तर दोन एलएस-८५ चिपा, काही स्विच आणि तीन दिवे पुरतात. पहिली चाचणी समान आकड्यांची करा. वेगळे आकडे चुकीच्या जोडणीलाही बहुधा बरोबर उत्तर देतात. जोडणीतली चूक बरोबरीच्या वेळीच उघडी पडते.